पुणे ते नागपूर शॉर्टवेव्हवरून: कुठल्या वेळी कुठला बँड लावायचा

हौशी रेडिओचा परवाना हातात आला, रिग म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ सेट आला, गच्चीवर वायर ताणली आणि त्यानंतर चार महिने मी नुसता गोंधळात होतो. नागपूरला माझा एक मित्र आहे, त्याचाही परवाना माझ्याच बॅचचा, आमचं ठरलेलं की रोज ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर भेटायचं. दुपारी जेवून एक वाजता कॉल करायचो तर नुसती खरखर. पहाटे पाचला उठून बघितलं तर दिल्लीची स्टेशनं शेजारच्या बिल्डिंगमधून बोलल्यासारखी येतायत आणि नागपूर गायब. मित्र फोनवर म्हणायचा, "तुझा काहीच आवाज नाही येऊन राहिला बे, अँटेना पाहा तुझा." मी दोनदा डायपोल खाली उतरवला, कनेक्टर परत सोल्डर केले, नवीन कोअ‍ॅक्स आणली, सोसायटीच्या सेक्रेटरींची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आणि अँटेनात काही म्हणजे काही चूक नव्हती, आम्ही फक्त चुकीच्या वेळी चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर भेटत होतो.

हे कुणी मला आधी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय. सगळं शॉर्टवेव्ह सांगत बसत नाही, फक्त एकच रस्ता घेतो, पुणे ते नागपूर, सरळ रेषेत साधारण ६२० किलोमीटर. तो चोवीस तास कसा बदलतो हे एकदा कळलं की तुमचं सांगली ते अमरावती किंवा मडगाव ते मुंबई तुम्हीच काढाल.

काय काय लागेल

- शॉर्टवेव्ह रिसीव्हर किंवा रिग. नुसतं ऐकून शिकायला साधा एसडीआर डोंगलसुद्धा चालतो, फक्त तो ३० मेगाहर्ट्झच्या खाली ऐकणारा आहे ना ते घेताना बघा
- बोलायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना
- ४० मीटरचा डायपोल, म्हणजे एकूण साधारण २० मीटर वायर, मधे फीड
- एक घड्याळ यूटीसीवर लावलेलं. आपली वेळ वजा साडेपाच तास
- वही. मोबाइलमधली नोट नको, का ते शेवटी सांगतो
- कॅल्क्युलेटर, वर्गमूळ काढणारा

१. डोक्यावर नक्की काय आहे ते आधी समजून घ्या

सूर्याच्या अतिनील आणि एक्स-रे किरणांनी वरच्या विरळ हवेतले अणू फुटतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि हे मोकळे इलेक्ट्रॉन रेडिओ लहर वाकवून परत खाली पाठवतात. पुस्तकात याचे चार थर असतात आणि परीक्षेला चारही पाठ करावे लागतात, पण रोजच्या कामाला दोनच लक्षात ठेवा, डी आणि एफ.

एफ थर हा आपला आरसा. दिवसा त्याचे एफ-वन आणि एफ-टू असे दोन भाग पडतात, रात्री परत एक होतो. कामाचा तो एफ-टू, साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर. तिथली हवा इतकी विरळ की एकदा सुटलेला इलेक्ट्रॉन परत जोडला जायला खूप वेळ लागतो, त्यामुळे सूर्य मावळला तरी हा थर लगेच जात नाही, रात्रभर हळूहळू उतरत राहतो आणि पहाटे सगळ्यात कमजोर असतो. ही 'पहाटे सगळ्यात कमजोर' गोष्ट डोक्यात फिट करून ठेवा, मला ती माहीत नव्हती आणि माझा निम्मा गोंधळ तिथलाच होता.

डी थर हा आपला चोर. साधारण ६० ते ९० किलोमीटरवर. इथे हवा दाट, मोकळे इलेक्ट्रॉन सारखे हवेच्या रेणूंना धडकतात आणि लहरीची ताकद तिथेच उष्णता होऊन जाते. लहर वर जाताना एकदा याच्यातून जाते आणि एफवरून परत येताना दुसऱ्यांदा, म्हणजे टोल दोन्हीकडून. पण दाट हवेमुळेच इलेक्ट्रॉन पटकन परत जोडले जातात, त्यामुळे सूर्य गेला की हा थर थोड्याच वेळात नाहीसा होतो. दुपारी नागपूर ऐकू न यायचं कारण हेच.

ई थर या दोघांच्या मधे, ११० किलोमीटरच्या आसपास, मुख्यतः दिवसाचा. तो कधी मदत करतो, कधी लहर मधेच अडवतो. नवीन माणसाने त्याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे.

ही अक्षरं ए-बी-सी पासून का सुरू होत नाहीत असं मला कायम वाटायचं. ब्रिटनच्या अ‍ॅपल्टन यांनी १९२४ मधे आधी मधला थर पकडला, त्याला ई म्हटलं, आणि खाली-वर अजून सापडले तर अक्षरं हाताशी असावीत म्हणून जागा सोडली. ए-बी-सीची गरज पडलीच नाही.

२. वरची मर्यादा काढा

सरळ वर, काटकोनात लहर सोडली तर एफ-टू थर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंतच ती परत पाठवतो, त्याच्या वरची लहर आरपार अवकाशात जाते. ह्या फ्रिक्वेन्सीला क्रिटिकल फ्रिक्वेन्सी म्हणतात, वेबसाइटवर ती foF2 अशी लिहिलेली दिसेल. आयनोसोंड नावाची यंत्रं ती दिवसभर मोजत असतात.

पण आपण सरळ वर कुठे बोलतोय, आपल्याला ६२० किलोमीटर लांब जायचंय, म्हणजे लहर तिरकी जाणार. आणि तिरक्या लहरीला परत वळवणं थराला सोपं जातं. तळ्यात दगड सरळ टाकला तर बुडतो, चपटा दगड तिरका मारला की टप्पे घेत जातो, तसंच काहीसं. म्हणून तिरक्या वाटेवर क्रिटिकलपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी चालते. त्या वाटेवर चालणारी सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी म्हणजे एमयूएफ. हजारेक किलोमीटरपर्यंत हे सूत्र पुरेसं आहे:

```
MUF = foF2 × √(1 + (d / 2h)²)
d = अंतर किमी, h = थराची उंची किमी (300 धरा)
```

पुणे-नागपूरला d ६२० घातलं की गुणक १.४४ येतो, पृथ्वीच्या गोलाईमुळे तो अजून किंचित उतरतो, म्हणून मी सरळ १.४ धरतो. पुणे-कोल्हापूर दोनशे किलोमीटर, तिथे जेमतेम १.०५, म्हणजे क्रिटिकल आहे तेवढंच मिळणार. पुणे-दिल्ली ११७० किलोमीटर, तिथे गोलाई धरून २ च्या आसपास. तीन हजार किलोमीटरला साधारण ३.

म्हणजे एकाच क्षणी, एकाच आकाशाखाली, दिल्लीसाठी जी फ्रिक्वेन्सी चालते ती कोल्हापूरसाठी चालेलच असं नाही. 'आत्ता कुठला बँड ओपन आहे' हा ग्रुपवर रोज येणारा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कुठून कुठे, ते आधी सांगा.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. अंदाज सांगणाऱ्या प्रोग्रॅममधला एमयूएफ आकडा हा महिन्याचा मधला आकडा असतो, म्हणजे महिन्यातल्या निम्म्या दिवसांत खरा एमयूएफ त्याच्या खाली असणार. म्हणून त्याच्या ८५ टक्के घ्यायचे, तेवढ्यावर साधारण दहातले नऊ दिवस संपर्क होतो.

३. खालची मर्यादा, म्हणजे चोराचा हिशोब

मग सरळ खालची फ्रिक्वेन्सी लावून मोकळं का होऊ नये? कारण डी थर खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खातो. फ्रिक्वेन्सी अर्धी केली की डेसिबलमधे नुकसान ढोबळमानाने चौपट. १४ मेगाहर्ट्झवर दुपारी ५ डेसिबल जात असतील तर त्याच वाटेवर ७ वर २० च्या आसपास, आणि ३.५ वर तर बोलूच नका.

म्हणून नियम असा: एमयूएफच्या खाली राहा, पण जितकं वर राहता येईल तितकं वर राहा. पॉवर वाढवून खालची मर्यादा थोडी खाली ढकलता येते, वरची मर्यादा मात्र पॉवरने हलत नाही. एमयूएफच्या वर गेलात तर दहा वॅट असो की चारशे, लहर निघून गेली.

४. घड्याळ मधल्या जागेचं लावा

लहर वाकते ती पुण्यावर नाही आणि नागपूरवर नाही, दोघांच्या बरोबर मधे, म्हणजे जिंतूरच्या आसपास कुठेतरी, तीनशे किलोमीटर वर. तेव्हा सूर्य कुठे आहे हे तिथलं बघायचं. पुणे-नागपूरला फार फरक पडत नाही, सूर्योदयात वीसेक मिनिटांचं अंतर, पण पुणे-दुबई किंवा मुंबई-लंडन करायला जाल तेव्हा हाच मुद्दा सगळं ठरवतो.

त्याहून मजेची गोष्ट उंचीची आहे. आपल्याला जमिनीवर सूर्य दिसायच्या तासभर आधीच तीनशे किलोमीटरवर ऊन पडलेलं असतं. डी थर ऐंशी किलोमीटरवर, त्याला ऊन मिळतं जमिनीच्या अर्धा तास आधी. म्हणजे पहाटे आरसा आधी जागा होतो आणि चोर नंतर. संध्याकाळी उलट, चोर आधी झोपतो, आरसा नंतर. ह्या दोन छोट्या खिडक्या जमिनीवरच्या उजाडण्याच्या आणि मावळण्याच्या आजूबाजूला असतात आणि लांबच्या स्टेशनांसाठी सोन्यासारख्या असतात. आमच्याकडचे एक काका गेली कित्येक वर्षं ह्याच वेळेला रिगसमोर बसतात, चहाचा कप तिथेच, आणि आम्हाला वाटायचं त्यांची अँटेना भारी आहे.

५. एक पूर्ण दिवस काढून बघू

आता प्रत्यक्ष हिशोब. हिवाळ्यातला दिवस, सूर्य बऱ्यापैकी सक्रिय असलेलं वर्ष. खालचे क्रिटिकलचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही त्या दिवशीचे घ्यायचे, पद्धत तीच.

*पहाटे ५.* क्रिटिकल ३.५ मेगाहर्ट्झ. गुणिले १.४ म्हणजे एमयूएफ ४.९, त्याचे ८५ टक्के ४.२. म्हणजे नागपूरसाठी ७ मेगाहर्ट्झ बंद, ८० मीटरवर, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा, तो चालू. आता उलटं गणित करा: क्रिटिकल ३.५ असताना ७.१ मेगाहर्ट्झ परत खाली यायचा तर किती लांब उतरेल? साधारण हजार-अकराशे किलोमीटर. त्याच्या आतलं सगळं वर्तुळ शांत, ह्यालाच स्किप म्हणतात. नागपूर त्या वर्तुळाच्या आत आणि दिल्ली जेमतेम बाहेर. वर्तुळाच्या काठावर लहरी एकवटतात म्हणून काठावरचं स्टेशन उलट जास्तच जोरात येतं. माझं 'दिल्ली शेजारच्या बिल्डिंगमधून' कोडं हे असं सुटलं, तेही हिशोबाच्या कागदावर, गच्चीवर न चढता.

*सकाळी साडेसात.* क्रिटिकल ६.५, एमयूएफ ९.१, ८५ टक्के ७.७. सात मेगाहर्ट्झ बरोबर त्याच्या थोडं खाली बसतंय आणि डी थर अजून कोवळा आहे. हीच ती वेळ. ४० मीटरवर सकाळच्या नेट, म्हणजे हौशी लोकांच्या ठरलेल्या वेळच्या बैठका, याच सुमाराला का भरतात ते आता लक्षात येईल, जुन्या लोकांनी गणित केलं नसेल पण अनुभवाने तिथेच येऊन थांबले. आम्ही दोघंही आता रोज इथेच भेटतो, आठला तो ऑफिसला निघतो.

*दुपारी १.* क्रिटिकल ११, एमयूएफ १५.४, ८५ टक्के १३.१. आता गंमत बघा, खाली ७ वर चोर बसलाय आणि १४ हे ८५ टक्क्यांच्या वर पण एमयूएफच्या खाली आहे. म्हणजे १४.२ वर अर्ध्याहून जास्त दिवस काम होईल पण रोज नाही. मी आधी २० मीटर लावून बघतो, पाच मिनिटं कॉल करतो, नाही झालं तर ४० वर खाली येतो. एस म्हणजे मीटरवर दिसणारी सिग्नलची ताकद, ४० वर सकाळी एस-नाइन असलेला मित्र दुपारी एस-थ्री, एस-फोर होतो, शंभर वॅटवर कसाबसा कळतो, दहा वॅटच्या रिगवर विसरा.

*संध्याकाळी साडेसहा.* क्रिटिकल १०, एमयूएफ १४, ८५ टक्के ११.९. डी थर जातोय, ७ मेगाहर्ट्झ डोळ्यासमोर उठतं, पंधरा मिनिटांत मीटरची काटी दोन-तीन एस वर सरकलेली दिसते. २० मीटर नागपूरसाठी आता संपलं, लांबच्यासाठी मात्र चालू.

*रात्री १०.* क्रिटिकल ७.५, एमयूएफ १०.५, ८५ टक्के ८.९. चाळीस मीटर नागपूरला चालतं. पण आता चोर नसल्यामुळे हजारो किलोमीटरवरची स्टेशनंही तितक्याच आरामात येतात, आपला ४० मीटरचा पट्टा ७.२ ला संपतो आणि त्याच्या लगेच वर मोठमोठे ब्रॉडकास्टवाले बसलेत. साधा रिसीव्हर असेल तर त्यांच्या ताकदीने गुदमरतो. अटेन्युएटर चालू करा, सिग्नल कमी होईल पण समजायला लागेल.

*रात्री दीड.* क्रिटिकल ५, एमयूएफ ७, ८५ टक्के ६. अगदी कडेवर. इथे काय होतं ते ओळखायला शिका: आवाज आधी खोल वर-खाली हेलकावे घेतो, मधेच पूर्ण बुडतो, परत वर येतो, आणि मग एका मिनिटात दिवा विझल्यासारखा जातो. दुपारचं जाणं असं नसतं, ते तासभर हळूहळू पातळ होत जाणं असतं. हेलकावे घेत अचानक गेला तर वरची मर्यादा ओलांडली, खालच्या बँडवर जा. हळूहळू पातळ झाला तर चोराने खाल्ला, वरच्या बँडवर जा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र भिंतीवर लिहून लावा.

सूर्य शांत असलेल्या वर्षांत हे सगळं खाली सरकतं. दुपारचा क्रिटिकल ७-८ वर अडकतो, २० मीटरवर नागपूर मिळतच नाही, आणि ४० मीटर रात्री नऊ-दहालाच स्किपमधे जातं. सूर्य किती जागा आहे ते १०.७ सेंटिमीटरच्या सोलर फ्लक्सवरून कळतं, कॅनडात पेंटिक्टनला रोज मोजतात, सत्तरच्या आसपास म्हणजे झोपलेला, दीडशेच्या वर म्हणजे मस्त. चक्र साधारण अकरा वर्षांचं, सध्याचं पंचविसावं, डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ च्या सुमाराला शिखरावर आलं. तेव्हा ज्यांनी परवाना काढला त्यांना २० मीटर दुपारी असं चालतंच असं वाटतंय, पुढच्या काही वर्षांत त्यांची जरा निराशा होणारे.

६. आपलं आकाश युरोपसारखं नाहीये

इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या आकाशासाठी बनवलेत. आपल्याकडे एक वेगळीच भानगड आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या अगदी दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं. तिथे दिवसा विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला खाली येतात, कारंज्यासारखे. आणि उत्तरेची ही रास कुठे पडते तर अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. म्हणजे महाराष्ट्र त्या राशीच्या दक्षिण उतारावर बसलाय. त्यामुळे दुपारी आणि संध्याकाळी आपल्याला क्रिटिकल असा मिळतो की युरोपातल्या माणसाला खोटं वाटेल, आणि आपल्याकडूनही पुण्याहून उत्तरेला किंवा ईशान्येला बोलताना जो एमयूएफ मिळतो तो केरळकडे बोलताना मिळत नाही.

याचा त्रासही आहे. सूर्य सक्रिय असताना, खासकरून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे, सूर्यास्तानंतर तास-दोन तासांनी ह्या थरात खालून बुडबुडे वर चढतात, थर विस्कटतो. आवाज मोठा असतो, मीटरची काटी चांगली वर असते, पण बोलणं कळत नाही, पंख्यासमोर बसून बोलल्यासारखं फडफडतं. याला स्प्रेड-एफ म्हणतात. मी याच्यावर रिगचं ऑडिओ बोर्ड उघडलं होतं, हसू नका. संध्याकाळी आठला फडफड असेल आणि सकाळी त्याच स्टेशनचा आवाज स्वच्छ असेल तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा.

७. अंदाज झाला, आता ऐकून बघा

हिशोब कितीही करा, शेवटी कान. मी बसल्यावर ह्या क्रमाने बघतो.

आधी `prop.kc2g.com` वर आत्ताचा foF2 नकाशा. जगभरच्या आयनोसोंडवरून तो रंगवलेला असतो. जिंतूरवर बोट ठेवा, आकडा घ्या, १.४ ने गुणा. पण जवळपासची यंत्रं विरळ असल्याने भारतावरचा रंग बराचसा लांबच्या आकड्यांवरून ताणलेला असू शकतो, म्हणून एखाद-दुसरा मेगाहर्ट्झ इकडे-तिकडे सोडा. महिन्याभराचं नियोजन असेल तर `voacap.com`, तिथे दोन ठिकाणं टाकली की तासागणिक तक्ता देतो. वेळ यूटीसीमधे असते! मी सुरुवातीचे दोन आठवडे तो तक्ता आपल्या वेळेत वाचत होतो आणि जगाला शिव्या देत होतो.

मग १४.१०० मेगाहर्ट्झ. इथे जगभरच्या अठरा बीकनांची, म्हणजे आपोआप सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांची साखळी ठरवलेली आहे, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण, मग परत पहिल्यापासून. प्रत्येक बीकन आपली कॉलसाइन मोर्समधे देतो आणि मग चार लांब सूर, पहिला शंभर वॅटचा, पुढचे दहा, एक आणि शून्य पूर्णांक एक. शेवटचा सूर ऐकू आला तर समजायचं आज काहीही जमेल. आपल्याला जवळचा म्हणजे कोलंबोचा 4S7B, त्याची पाळी फेरीच्या दीड मिनिटाला येते. त्या सेकंदाला तो नाही आला तर लगेच बँडला दोष देऊ नका, बीकन मधूनमधून बंदही असतात, हाँगकाँगचा VR2B त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत येतो का बघा.

शेवटी `pskreporter.info`. आजूबाजूच्या जिल्ह्यातल्या लोकांना कोण ऐकतंय ते नकाशावर दिसतं. सिग्नल पाठवता येत असेल तर ७.०७४ वर एफटी-एट ह्या कॉम्प्युटरवरच्या डिजिटल पद्धतीचे दोन कॉल टाका आणि नकाशा उघडा, तुमचा स्वतःचा स्किप डोळ्याने दिसेल, मधे रिकामं वर्तुळ आणि काठावर ठिपके.

८. कुठे गंडतं

*अँटेनाचा कोन.* ६२० किलोमीटरला लहर साधारण ४० अंशात वर जायला हवी. ४० मीटरचा डायपोल दहा मीटर उंचीवर, म्हणजे पाव तरंगलांबी, या कामाला झकास आहे, कारण तो वरच फेकतो. गच्ची छोटी म्हणून माझ्या एका ओळखीच्याने महागाची व्हर्टिकल घेतली, ती क्षितिजाच्या बाजूला फेकते आणि डोक्यावर जवळपास काही देत नाही. त्याला जपान मिळतं आणि सोलापूर मिळत नाही. अँटेना वाईट नाही, काम वेगळं आहे.

*घरातला आवाज.* एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. दुपारी 'बँड बंद' वाटतो तेव्हा आधी रिग बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडून बघा. माझ्याकडे लिफ्टच्या पॅनेलचा आवाज निघाला, त्यावर उपाय अजून सापडला नाहीये.

*सौर ज्वाला.* भर दिवसा सगळे बँड एकदम, काही मिनिटांत, मेल्यासारखे शांत झाले तर अँटेना उतरवू नका. सूर्यावर मोठी ज्वाला झाली की एक्स-रे साडेआठ मिनिटांच्या आत इथे पोचतात आणि डी थर एकदम जाड होतो. `swpc.noaa.gov` वर बघा, एक्स वर्गाची ज्वाला असेल तर आर-थ्री किंवा त्याहून वरचा ब्लॅकआउट दिसेल. हे फक्त उजेडाच्या बाजूला होतं, आणि परत येताना वरचे बँड आधी येतात, २० मीटर, मग ४०. त्या क्रमाने थांबा.

*चुंबकीय वादळ.* हे वेगळं, ज्वालेनंतर एक ते तीन दिवसांनी येतं आणि दिवस-दोन दिवस टिकतं. चुंबकीय खळबळ मोजणारा केपी आकडा ५ किंवा त्याच्या वर गेला की वादळ. यात एफ थरच बिघडतो, म्हणजे वरची मर्यादा खाली येते किंवा आपल्याकडे कधीकधी उलट वरही जाते. मे २०२४ मधे ज्या वादळात लडाखच्या हानलेहून आकाशात लाल प्रकाश दिसला, तसल्या दिवशी वरचा सगळा हिशोब गुंडाळून ठेवायचा आणि नुसतं डायल फिरवत ऐकायचं.

आता ती वही. रोज एक ओळ: तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण, किती एस, आणि गेला तर हेलकावे घेत गेला की पातळ होत गेला. न झालेला संपर्कही लिहायचा, किंबहुना तोच जास्त लिहायचा. मोबाइलमधे आपण झालेलेच लिहितो आणि तेही नंतर, वही समोर उघडी असली की हात आपोआप जातो. माझ्या वहीत नोव्हेंबरच्या पानावर सलग अकरा दिवस '२३३० यूटीसी, ७.०९०, नागपूर नाही, दिल्ली ५९' लिहिलंय, आणि बाराव्या दिवशी '३.६५०, नागपूर ५९', ५९ म्हणजे स्वच्छ आणि जोरात. खाली मित्राचं वाक्य पण लिहून ठेवलंय, "आता कसा बोलून राहिला तू, काल का झोपला होता?"